रक्तदाब आणि मीठ : समुपदेशनाची संहिता
(प्राथमिक आरोग्य केंद्र. रुग्ण ५८ वर्षांच्या, रक्तदाब १५२/९४, गोळी चालू. घरात चार मोठी माणसं, स्वयंपाक सून करते. दोघींनाही समोर बसवावं.)

परिचारिका : मावशी, गोळी रोज घेताय, हे छान. तरी दाब वरच आहे. आज मिठाचं बोलू. ताई, घरात एक किलोचा पुडा किती दिवस पुरतो?

सून : पंचवीस दिवस.

परिचारिका : म्हणजे माणशी रोज दहा ग्रॅम. हवं पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक छोटा चमचा, आणि त्यात लोणचं-पापडातलं मीठही धरायचं. पुडा निदान पन्नास दिवस जायला हवा. नव्या पुड्यावर आजची तारीख लिहा.

रुग्ण : भाजीत तर मी कमीच घालायला लावते हो.

परिचारिका : भाजीबरोबर ताटात काय काय असतं?

रुग्ण : लोणचं, पापड. कधी तळलेली सांडगी मिरची.

परिचारिका : मीठ तिथून येतंय, मावशी. लोणचं टिकतंच मिठावर, म्हणून बरणीतलं कमी मिठाचं करता येत नाही. आठवड्यातून एकदा बारीक फोड घ्या, खार भाताला लावू नका. रोज तोंडी लावायला कैरीचा तक्कू किंवा काकडीची कोशिंबीर करा. चिमूटभर मीठ, वरून लिंबू, आणि त्याच दिवशी संपवा.

सून : पापड भाजून दिला तर?

परिचारिका : तेल वाचतं, मीठ तेवढंच राहतं. शिवाय मिठातलं जे सोडियम दाब वाढवतं, ते पापडखारातही असतं. तेव्हा पापड सणावारी, तोही अर्धा. कुरडई, सांडगे, सुकट, फरसाण यांचंही तसंच.

रुग्ण : मग सैंधव वापरू का? शेजारीण म्हणते ते चालतं.

परिचारिका : नाही. सैंधवातही सोडियम जवळपास तेवढंच. कमी सोडियमचं मीठ मिळतं, पण त्यात पोटॅशियम असतं. किडनीचा त्रास असेल किंवा दाबाच्या काही गोळ्या चालू असतील तर ते धोक्याचं ठरू शकतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका.

ताई, भाकरीच्या पिठात आणि भातात मीठ बंद. आमटीत, भाजीत मात्र एकदम तोडू नका, नाहीतर घरात कोणी जेवणार नाही. नेहमीच्या मापातलं पाव आधी कमी करा, दोन आठवड्यांनी आणखी पाव. आमसूल, लसूण, जिरं, कोथिंबीर सढळ हातानं घाला. काही आठवड्यांत जीभ सरावते, हे मी इथं येणाऱ्या बायकांकडून ऐकते. आणि मिठाची वाटी ताटाजवळ ठेवू नका.

रुग्ण : आमच्या ह्यांना चालेल का?

परिचारिका : त्यांनाही चांगलंच आहे. वेगळं रांधू नका, सगळ्यांचं एकच. मात्र दाब उतरला तरी गोळी मनानं बंद करायची नाही. आता मला सांगा, उद्या ताटातून काय काढणार?

रुग्ण : पापड. आणि लोणच्याचा खार.

परिचारिका : बरोबर. महिन्यानं या, दाब मोजू. ताई, पुडा किती उरला तेही बघून या.