मुलगी झाली हो! बारशाचं आग्रहाचं निमंत्रण

॥ श्री गणेश प्रसन्न ॥

सप्रेम नमस्कार वि. वि.

आमची कन्या सौ. मृणाल आणि जावई श्री. निखिल शिंदे यांना बुधवार, माघ शुद्ध दशमी, शके १९४७, म्हणजेच २८ जानेवारी २०२६ रोजी सकाळी ६ वाजून १० मिनिटांनी कन्यारत्न झालं. वजन २ किलो ९०० ग्रॅम, डोक्यावर भरगच्च जावळ. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत.

बाराव्या दिवशी बारसं करायचं योजलं आहे.

रविवार, ८ फेब्रुवारी २०२६, सायंकाळी ५ वाजता
राहत्या घरी, गंगापुरी, वाई
(पुण्याहून येणाऱ्यांनी सुरूर फाट्याला वळावं.)

पाळणा घरचाच, सागवानी. मृणालची आजीही त्यातच वाढली. नाव ठेवण्याचा मान आत्याचा. रेवतीताई न्यू जर्सीहून येऊ शकत नाहीत, पण मान त्यांचाच राहील. ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ झालं की बरोबर साडेपाचला त्या व्हिडिओ कॉलवर नाव सांगतील. ‘कुर्रर्र’ मात्र इथली चुलत आत्या कानात करेल, कारण फोनचा आवाज एवढ्याशा कानाजवळ नको. नाव काय, ते आम्हालाही सांगितलेलं नाही!

साडेपाच म्हणजे न्यू जर्सीत सकाळचे ७, लंडनला दुपारचे १२ आणि सिडनीत रात्रीचे ११. कॉलची लिंक कुटुंबाच्या ग्रुपवर येईल. पाळणा म्हणता येणाऱ्यांनी तिथूनही म्हणावा. इथल्या बायका साथ देतील.

परदेशातल्या नातवंडांना आई-बाबांनी हे वाचून दाखवावं:

डिअर चिल्ड्रन, यू हॅव अ न्यू कझिन! ऑन संडे, द एट्थ ऑफ फेब्रुवारी, वी विल पुट हर इन द क्रेडल फॉर द फर्स्ट टाइम, अँड रेवती आत्या विल टेल अस हर नेम. प्लीज जॉइन द कॉल अँड से हॅलो टू हर. शी मे स्लीप थ्रू इट ऑल. वी मिस ईच वन ऑफ यू. कम टू वाई सून. विथ लव्ह, आजी अँड आजोबा.

आहेर आणू नये, ही मनापासून विनंती. द्यायचंच असेल तर जुन्या सुती लुगड्याचं दुपटं द्या. धुऊन धुऊन मऊ झालेल्या कापडाइतकं बाळाच्या अंगाला दुसरं काही मानवत नाही. सर्दी-खोकला असलेल्यांनी यावं जरूर, पण बाळाला लांबूनच पाहावं. पापे कुणीच घेऊ नयेत. राग मानू नका, बाळ फार लहान आहे.

घुगऱ्या घेऊन, जेवूनच जायचं आहे. मुक्कामाला येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत कळवावं, म्हणजे अंथरुणं काढून ठेवता येतील.

आपले नम्र,
सौ. सुनंदा व श्री. वसंत जगताप
सौ. शोभा व श्री. दिलीप शिंदे