अण्णा, सूतमोजणी १२ तारखेपर्यंत जमणार नाही

अण्णा, नमस्कार.

मोठे साहेब सीसीमध्ये आहेत म्हणून मेलवर इंग्रजीत एवढंच टाकलंय:

“डिअर सर, आय वोन्ट बी एबल टू टेक अप द यार्न स्टॉक काउंट बिफोर द ट्वेल्फ्थ. जीएसटीआर-१ इज ड्यू ऑन द इलेव्हन्थ, अँड आय अ‍ॅम ऑन सँक्शन्ड लीव्ह फ्रॉम ट्वेल्फ्थ टू फोर्टीन्थ. आय कॅन स्टार्ट ऑन द सिक्स्टीन्थ. इफ इट कॅनॉट वेट, द स्टोअर कॅन काउंट अँड आय विल चेक द शीट्स. काइंडली लेट मी नो व्हिच सूट्स यू.”

एवढं कोरडं तुमच्याशी कधी बोललो नाही, म्हणून हे वेगळं लिहितोय.

डिसेंबरची १४० बिलं अजून ताळ्यात बसवायची आहेत. दिवाळीत मी दोन्ही कामं अंगावर घेतली होती, आठवतंय ना? रात्री साडेदहाला ४,०८,००० चं बिल ४,८०,००० असं चढलं. १४ तारखेला टॉवेलवाल्या व्यापाऱ्याच्या २बीत तोच आकडा दिसला आणि त्याचे फोन तुम्हाला आले. दुरुस्ती पुढच्या महिन्याच्या रिटर्नमध्ये झाली, पण तोवर तुम्हाला जे ऐकून घ्यावं लागलं ते मला अजून लागतंय. म्हणून ११ तारखेपर्यंत दुसऱ्या कामाला हात लावत नाही.

पुढचे तीन दिवस सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेचे. १२ ला ६८ लिंगांना तैलाभिषेक, १३ ला अक्षता, १४ ला होम. आमच्या गल्लीतली पोरं महिनाभर संध्याकाळी नंदीध्वजाचा सराव करताहेत, मीही त्यांच्यात आहे. बाराबंदी आईनं धुऊन, इस्त्री करून ठेवलीय. रजा डिसेंबरातच मंजूर झालीय, ती मागे घेणार नाही.

तुमची अडचण खोटी नाही. ऑडिटर मागे लागलेत, तुम्हाला त्यांना काहीतरी दाखवायचंय. त्यांना १८ तारीख चालत असेल तर १६ ला सकाळी साडेआठला मी गोडाऊनमध्ये हजर; दोन दिवसांत १० आणि २० नंबरचं सगळं सूत मोजून देतो. मला हेच बरं वाटतं, कारण गोणी उघडून कोन मोजले नाहीत तर फुटलेल्या गोण्या पूर्ण धरल्या जातात.

थांबता येत नसेल तर स्टोअरच्या दोघांना मोजू द्या की. तक्ता मी आज संध्याकाळी छापून देतो, फुटलेल्या गोणीला वेगळा रकाना ठेवतो. १५ ला संध्याकाळी तासभर बसून रजिस्टरशी ताडून देतो. सही मात्र मोजणाऱ्याची हवी, माझी नको.

ऑडिटरना नुसता अंदाज हवा असेल तर ३१ डिसेंबरचा रजिस्टरचा शिल्लक आकडा दुपारी जेवणाआधी पाठवतो. त्यावर ‘मोजणी बाकी’ असं लिहूनच द्या.

यातलं काय करायचं ते चारपर्यंत कळवा, म्हणजे तक्ता छापायचा की नाही ते ठरेल. आणि १३ ला वहिनींना घेऊन संमती कट्ट्यावर या, गर्दी व्हायच्या आत.

तुमचा,
महेश