जलसंजीवनीची गोष्ट: पावणेदोन तासांच्या इंग्रजी पॉडकास्टचा मराठी गोषवारा

आपल्या गटातल्या सगळ्या आशाताईंसाठी

लेकीने पुण्याहून हा पॉडकास्ट पाठवला. "आई, अख्खा भाग तुमच्या जलसंजीवनीच्या, म्हणजे ओआरएसच्या पाकिटावर आहे," म्हणाली. भाग १ तास ४७ मिनिटांचा आणि त्याचा उतरवलेला मजकूर ४१ पानांचा. रात्रीची भांडी झाल्यावर रोज थोडी थोडी अशी चार रात्रींत पानं संपवली. बोलणारे दोघे आहेत. एक पत्रकार बाई प्रश्न विचारतात आणि एक निवृत्त बालरोगतज्ज्ञ उत्तरं देतात. पहिली पंधरा मिनिटं जाहिराती आणि पत्रकार बाईंच्या प्रवासात पोट बिघडल्याची हकिकत आहे, ती मी गाळली. मजकूर मशीनने ऐकून टंकलेला, त्यामुळे 'बनगाव'चं 'बॉन गाऊन' झालं होतं. कुठला गाऊन ते कळायला मला अर्धा तास लागला.

थोडक्यात गोष्ट अशी.

जुलाबाने माणूस दगावतो तो अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. पटकीत तर तासाला लिटरभर पाणीही जाऊ शकतं. पूर्वी यावर उपाय एकच होता, सलाईन. त्याला सुई हवी, निर्जंतुक बाटली हवी, शीर सापडणारा माणूस हवा. खेड्यात यातलं काहीच नसायचं. पाणी तोंडाने पाजलं तर ते तसंच खालून निघून जातं, म्हणून पाजूच नये, अशी तेव्हा डॉक्टरांचीही समजूत होती. (आपल्या पाड्यांवरच्या आज्या अजून हेच म्हणतात. म्हणजे त्या मागास नाहीत, साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या डॉक्टरांइतक्याच शिकलेल्या आहेत.)

१९६० साली रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने आतड्याची एक खुबी मांडली. आतड्याच्या पेशीत मीठ आणि साखर जोडीने शिरतात आणि त्यांच्या मागोमाग पाणी आत ओढलं जातं. सत्यनारायणाला नवरा-बायको जोडीने बसतात ना, तसं समजा. पटकीचं विष आतड्यातून पाणी बाहेर सोडायला लावतं, पण ही जोडीची वाट ते बिघडवू शकत नाही. म्हणून जुलाब चालू असतानाही मीठ-साखरेचं पाणी अंगी लागतं. पाहुणे डॉक्टर म्हणतात, सगळी जलसंजीवनी या एका वाटेवर उभी आहे.

१९६८ मध्ये ढाक्यात डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश या दोन तरुण डॉक्टरांनी पटकीच्या रुग्णांना हे पाणी मोजून पाजलं. जेवढं बाहेर गेलं तेवढं आत. सलाईनची गरज सुमारे ८० टक्क्यांनी कमी झाली. कोलकात्याचे डॉ. हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी असलाच प्रयोग करून १९५३ सालीच छापला होता, पण त्याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही. पॉडकास्टमध्ये यावर जेमतेम दीड मिनिट आहे. मला ते कमी वाटलं.

आता बनगाव. साल १९७१. बांगलादेश मुक्तीच्या लढ्यामुळे लाखो निर्वासित पश्चिम बंगालात आले आणि छावण्यांत पटकी पसरली. सीमेजवळच्या बनगावच्या इस्पितळात पटकीसाठी दोन खोल्या आणि १६ खाटा होत्या. बाकीचे रुग्ण जमिनीवर, घाणीत. त्यांना सलाईन लावायचं तर गुडघे टेकून त्याच घाणीत बसावं लागे. सलाईनचा साठा संपत आला तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ठरवलं की आता तोंडानेच पाजायचं. कोलकात्याला मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा वजन करून पिशव्या भरल्या जायच्या. लिटरमागे २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम सोडा. छावणीत त्या पिशव्या पिंपातल्या पाण्यात ओतायच्या आणि तोटीखाली कप धरायचा. पाजायला नर्सा पुरल्या नाहीत. आया, बहिणी, नवरे, जो जवळ असेल तो पाजत होता. खर्च लिटरला ११ पैसे. तोवर शंभरात वीस-तीस माणसं दगावत होती, महालनबीस यांच्या देखरेखीखाली हे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं.

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने १९७८ मध्ये लिहिलं की आतड्यात मीठ-साखर जोडीने शिरतात हा कदाचित विसाव्या शतकातला वैद्यकातला सर्वांत महत्त्वाचा शोध असावा. महालनबीस २०२२ मध्ये वारले आणि पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

यातून आपल्यासाठी तीन मुद्दे निघतात.

१. प्रमाण चुकलं तर औषध उलटतं

डॉक्टर यावर फार जोर देतात. १९६२ साली फिलिपिन्समधल्या एका चाचणीत मिश्रण वाजवीपेक्षा तीव्र झालं, काही रुग्ण दगावले आणि हा विचार काही वर्षं मागे पडला. मीठ-साखर जास्त झाली की पाणी आत जाण्याऐवजी आतड्याकडेच ओढलं जातं. म्हणूनच २००२ पासून जागतिक आरोग्य संघटनेने पाकिटातलं मीठ आणि ग्लुकोज दोन्ही कमी केलं. आपल्याकडचं मोठं पाकीट २०.५ ग्रॅमचं असतं, ते पूर्ण एक लिटरसाठी.

मागच्या जुलैत एका घरी मी सुनेला म्हटलं, करून दाखव. तिने तांब्या भरून घेतला आणि अख्खं पाकीट ओतलं. त्या तांब्यात जेमतेम ६०० मिली मावत होतं. तिची काही चूक नाही, आपण "एका तांब्यात" असंच सांगत आलोय! यापुढे एक लिटरची पाण्याची बाटली दाखवून सांगायचं. अर्धं पाकीट आज, अर्धं उद्या हेही नको. बनवलेलं पाणी २४ तासांनी फेकायचं. लहान पाकीट २०० मिलीचं असतं, त्यावर लिहिलेलं वाचूनच सांगा.

दोन वर्षांखालच्या बाळाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिली, चमच्याचमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा सावकाश सुरू करायचं. अंगावरचं दूध आणि पेज-भात चालूच ठेवायचा. झिंकच्या गोळ्या १४ दिवस: दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १० मिलिग्रॅम, त्यापुढे २०. तिसऱ्या दिवशी जुलाब थांबले की आया गोळ्या बंद करतात, तिथे पुन्हा घरी जावं लागतं. डोळे खोल गेले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तरी पटकन बसेना, बाळ पिईना, सुस्त पडलं किंवा शी मधून रक्त आलं तर पाकीट देत देतच दवाखाना गाठायचा.

२. सांगितल्याने येत नाही, करायला लावल्याने येतं

हा भाग मी तीनदा वाचला. बांगलादेशात 'ब्रॅक' या संस्थेने १९८० ते १९९० या दहा वर्षांत सुमारे १ कोटी २० लाख घरांत जाऊन आयांना हे पाणी बनवायला शिकवलं. पाकीट नव्हतं. तीन बोटांच्या चिमटीत मावेल तेवढं मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. त्याला ते 'लोबोन-गुर' म्हणायचे. पत्रकं वाटून भागलं नसतं, कारण वाचणाऱ्या बायकाच कमी. मग संस्थेची शिकवणारी बाई घरात बसायची आणि त्या घरच्या आईलाच, तिच्याच भांड्यात, तिच्याच हाताने पाणी करायला लावायची.

पुढचं ऐका. महिनाभराने दुसरा माणूस येऊन काही घरं तपासायचा. आईला किती आठवतं, पाणी बरोबर करता येतं का, त्यावर शिकवणाऱ्या बाईचा पगार ठरायचा. किती घरांत गेलात यावर नाही. आपल्याकडे फॉर्मवर घरांचा आकडा भरला की काम झालं. पगाराची ही पद्धत आपल्यावर लावा असं मी म्हणत नाही. ताईंनो, आपला मोबदलाच वेळेवर येत नाही, त्यात आणखी परीक्षा कशाला. पण "समजलं ना?" विचारलं की सगळ्याच माना डोलावतात, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. "मला करून दाखव" म्हटल्यावर तांब्या बाहेर येतो.

संस्थेला आणखी एक गोष्ट उमगली. शिकवणाऱ्या बायकांनाच सुरुवातीला या पाण्यावर भरवसा नव्हता. स्वतःला जुलाब झाले की त्या हे घेत नव्हत्या. आपल्यातल्या किती जणींनी शेवटच्या वेळी पाकीट घेतलं आणि किती जणी "एक सलाईन लावून टाका" म्हणाल्या, ते ज्याचं त्याने आठवावं. माझं उत्तर मी इथे लिहीत नाही.

३. लोकांना पाकीट नकोय, हे आपण गृहीत धरतो

२०२४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात कर्नाटक आणि बिहारमधला एक मोठा अभ्यास आला. जुलाबाच्या मुलांना डॉक्टर आणि औषध देणारे पाकीट का देत नाहीत, हे शोधायला माणसं पालक बनवून पाठवली होती. पाकिटं शिल्लक नसतील किंवा महाग औषधात नफा जास्त असेल, असंच कुणालाही वाटेल. ती कारणं निघालीही, पण अनुक्रमे ६ आणि ५ टक्के. ४२ टक्के वाटा होता एका समजुतीचा: "पेशंटला हे नकोच असतं, त्याला गोळ्या हव्या असतात." प्रत्यक्षात बहुतेक पालकांना पाकीट चालत होतं. म्हणून आईला आपणच सांगून ठेवायचं, दवाखान्यात गेलीस की "पाकीट द्या" असं तोंडाने माग.

एक गोष्ट पॉडकास्टमध्ये नाही, माझ्याकडून जोडते. मेडिकलमधून आणलेला फळाच्या चवीचा गोड खोका म्हणजे जलसंजीवनी नव्हे. त्यात साखर फार आणि क्षार कमी असू शकतात, वर पहिल्या मुद्द्यात सांगितलेलीच गडबड. अशा पेयांवर 'ओआरएस' हे नाव छापायला अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, पण जुना माल आणि जुनी सवय दोन्ही टिकून असतात. खोका हातात घेऊन मागची बाजू वाचा.

मंगळवारच्या बैठकीला येताना प्रत्येकीने एक लिटरची रिकामी बाटली आणि घरातला रोजचा तांब्या आणायचा आहे. आधी तांबे मोजू, मग चहा.