नारिंगी ठिपका आणि वीस माणसे: गुरुवारच्या चर्चासत्रासाठी प्रश्न

लेखी उत्तरे नकोत. फक्त दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नातले गणित कागदावर करून आणा.

चर्चेसाठीचा प्रयोग मी मुद्दाम रचला आहे, तो कोणत्याही शोधनिबंधातला नाही. २० जणांना एफएमआरआय स्कॅनरमध्ये रागीट आणि निर्विकार चेहरे दाखवले. दोन्ही वेळच्या प्रतिसादांतला फरक काढून तो प्रत्येकाच्या चिंता-प्रश्नावलीतल्या गुणांशी ताडला. मेंदूत खोलवर असलेल्या, भावनांशी जोडल्या जाणाऱ्या अमिग्डालाच्या एका भागात सहसंबंध निघाला ०.७२. राखाडी मेंदूवर एक नारिंगी ठिपका छापला गेला आणि बातमीचा मथळा झाला ‘चिंतेचे केंद्र सापडले’.

१. ठिपक्याचा नारिंगी रंग नेमका कशाचा आहे? घाईने ‘मेंदूच्या हालचालीचा’ म्हणू नका. यंत्र मोजते ते रक्तातल्या ऑक्सिजनच्या बदलामुळे चुंबकीय संकेतात पडणारा फरक. चेतापेशी कामाला लागल्यावर हा संकेत शिखरावर यायला पाच-सहा सेकंद जातात, आणि ३ मिमी बाजूच्या एका व्हॉक्सेलमध्ये, म्हणजे प्रतिमेच्या सर्वांत लहान घनात, लाखो पेशी असतात. चित्रात तर तो संकेतही नाही, त्यावर केलेल्या चाचणीचा आकडा आहे. पेशीपासून छापील रंगापर्यंतच्या पायऱ्या क्रमाने सांगा. कोणत्या पायरीवर काय गृहीत धरले आहे?

यालाच जोडून: राखाडी राहिलेला भाग ‘शांत’ होता असे म्हणता येईल का? खरा परिणाम नसताना इतका मोठा आकडा योगायोगाने येण्याची शक्यता म्हणजे p, आणि ती ठरवलेल्या उंबरठ्याखाली असेल तिथेच रंग भरतात. उंबरठा p < 0.001 ऐवजी p < 0.01 ठेवला असता तर चित्र कसे दिसले असते? आणि उंबरठा न लावता सगळा नकाशा छापला असता तर मथळा टिकला असता का?

२. समजा मेंदूत १,००,००० व्हॉक्सेल आहेत आणि कुठेही खरा परिणाम नाही. प्रत्येकावर p < 0.001 ची चाचणी लावली तर सरासरी किती व्हॉक्सेल निव्वळ योगायोगाने रंगतील? शेजारचे व्हॉक्सेल एकमेकांसारखे वागतात, मग हे खोटे रंग विखुरलेले दिसतील की पुंजक्यांत?

२००९ मध्ये क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी मेलेल्या सामन माशाला स्कॅनरमध्ये ठेवून माणसांची छायाचित्रे ‘दाखवली’. अनेक चाचण्यांसाठीची दुरुस्ती केली नाही तेव्हा माशाच्या मेंदूत सक्रिय व्हॉक्सेल निघाले. दुरुस्ती केल्यावर गायब झाले. या कामाला २०१२ मध्ये इग नोबेल मिळाले. सगळे हसतात आणि पुढे जातात, म्हणून विचारतो: मासा कशाविरुद्धचा पुरावा आहे, आणि कशाविरुद्धचा नाही? दुरुस्ती केली की प्रश्न मिटतो, असे वाटत असेल तर एक्लुंड, निकोल्स आणि क्नुटसन यांचा २०१६ चा निबंध चाळून या. पुंजक्यांवर आधारलेल्या काही प्रचलित पद्धतींत चुकीच्या होकारांचे प्रमाण ५ टक्के अपेक्षित असताना ७० टक्क्यांपर्यंत गेले होते.

३. हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा, अर्धा तास यालाच. २० जणांच्या सॅम्पलमध्ये, दोन्ही बाजूंच्या चाचणीत p < 0.001 गाठायला सहसंबंध किमान ०.६८ लागतो. समजा खरा सहसंबंध ०.२ आहे. मग उंबरठा ओलांडणाऱ्या आकड्यांत ०.२ च्या आसपासचा एक तरी असू शकेल का? आता आपल्या ०.७२ कडे पाहा. तो मोठ्या परिणामाची खूण आहे, की छोट्या सॅम्पलच्या चाळणीची?

२००९ मध्येच एडवर्ड वल आणि सहकाऱ्यांनी आक्षेप घेतला होता की जास्त सहसंबंध असलेले व्हॉक्सेल आधी निवडायचे आणि मग त्यांचाच सहसंबंध निष्कर्ष म्हणून सांगायचा, ही फिरवाफिरवी आहे. आपल्या प्रयोगात ती झाली आहे का, हे कळायला लेखकांना कोणता एकच प्रश्न विचाराल?

४. आता उलट बाजू. दृष्टीच्या अभ्यासांत तीन-चार माणसांना तासन् तास स्कॅन करतात, आणि ते निष्कर्ष अनेकदा टिकतात. याउलट, माणसामाणसांतले फरक मेंदूभर शोधायचे तर हजारो माणसे लागतात, असे मारेक आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये दाखवले. ‘सॅम्पल छोटे आहे’ ही टीका कधी आळशी ठरते? माझे मत असे की बऱ्याचदा. ते खोडून काढा.

५. अमिग्डाला सुखद आणि नवीन गोष्टींनाही प्रतिसाद देतो. मग त्यातला बदल पाहून ‘माणूस चिंतेत आहे’ असा उलटा तर्क करायला आणखी कोणती माहिती हवी?

६. २०२० मध्ये १०८ जणांचा एकच स्कॅन-डेटा ७० संशोधक गटांना दिला आणि तेच ९ अंदाज तपासायला सांगितले. कोणत्याही दोन गटांची विश्लेषणाची वाट अगदी एकसारखी नव्हती, आणि काही अंदाजांवर उत्तरे ठळकपणे वेगळी आली. आपल्या नारिंगी ठिपक्याच्या शेजारी कोणती माहिती छापली असती, म्हणजे तुम्ही त्यावर थोडा तरी विश्वास ठेवला असता? प्रत्येकाने एकच गोष्ट सांगायची, आणि ‘मोठे सॅम्पल’ हे उत्तर चालणार नाही.