सप्लायर क्वालिटी इंजिनिअर पद : मुलाखतीचा निर्णय

नमस्कार अमोल,

आधी निर्णय सांगते. चाकण प्लांटमधल्या या जागेसाठी आम्ही दुसऱ्या उमेदवाराला घेतलं आहे. त्यांचा होकारही आला आहे, त्यामुळे तुमचं नाव वेटिंगवर वगैरे नाही. दुसरीकडची ऑफर हातात असेल तर आमच्यासाठी थांबू नका.

दहा दिवसांत कळवते म्हणाले होते, सोळा लागले. मधे तुम्ही दोनदा फोन केलात आणि ‘अजून ठरलं नाही’ एवढंच ऐकलंत. ते खरंच ठरलं नव्हतं, तरी तुम्हाला ताटकळत ठेवलं याबद्दल माफ करा.

मुलाखतीनंतर तुम्ही विचारलं होतं, ‘नाही म्हणालात तर कारण सांगाल का?’ म्हणून सांगते. या जागेवरच्या माणसाला पहिल्या महिन्यापासून सप्लायरकडे एकट्याने ऑडिटला जायचं आहे आणि पीपॅपच्या फायली तपासून मंजूर करायच्या आहेत. निवड झालेल्या उमेदवाराने हेच काम चार वर्षं केलं आहे. तुमची पाच वर्षं फाउंड्रीतल्या इन्स्पेक्शनमध्ये गेली. फरक मुख्यतः इथेच पडला. दुसरं म्हणजे, गेज आर अँड आरच्या रिपोर्टमध्ये २४ टक्के पाहून तुम्ही गेज सरळ बाद केलंत. १० च्या खाली चांगलं, ३० च्या वर बाद. मधल्या आकड्याला मात्र गेज कुठे वापरायचं आहे आणि बदलायला खर्च किती, हे बघून ठरवायचं असतं. एका उत्तरावर निवड अडली नाही, पण एमएसएचा हात अजून बसायचा आहे असं पॅनलचं मत पडलं.

आता दुसरी बाजू. पावसाळ्यात ब्लोहोलचं रिजेक्शन का वाढलं हे सांगताना तुम्ही वाळूतल्या ओलाव्याचं रोजचं रीडिंग आणि रिजेक्शनचे आकडे एकाच कागदावर मांडलेत. प्लांट हेड तेव्हा काही बोलले नाहीत, पण तुम्ही गेल्यावर म्हणाले, “ह्याला कास्टिंग कळतं.” ते असं सहसा म्हणत नाहीत. मला फाउंड्रीतलं काही कळत नाही, तरी तुमचं सांगणं मलासुद्धा समजलं.

कास्टिंगचे सप्लायर सांभाळणारी जागा निघाली तर मी स्वतः फोन करेन. ती कधी निघेल, निघेल की नाही, हे आज सांगता येत नाही. तोवर तुमचा बायोडेटा वर्षभर आमच्याकडे राहील. नको असेल तर कळवा, काढून टाकते. बसभाड्याचे पैसे शनिवारपर्यंत खात्यात जमा होतील.

कोल्हापूरहून रात्रभर प्रवास करून दोन्ही फेऱ्यांना वेळेवर आलात, त्यासाठी सुट्ट्या टाकल्यात, त्याबद्दल मनापासून आभार. काही विचारायचं असेल तर शुक्रवारी चार ते पाच मी मोकळी आहे, याच नंबरवर फोन करा.

आपली,
वैशाली
मनुष्यबळ विभाग, चाकण प्लांट