ऑपरेटिंग सिस्टीम: तीन आठवड्यांचे अभ्यास-वेळापत्रक

आपल्या चौघांच्या अभ्यासगटासाठी हे वेळापत्रक सरांनी दिलेल्या स्लाइड-संचावरून तयार केले आहे. परीक्षा चौथ्या सोमवारी आहे. पहिल्या दोन आठवड्यांत सोमवार ते शुक्रवार रोज तीन तास आणि शनिवारी पाच तास, असे एकूण चाळीस तास नव्या अभ्यासाला मिळतात. रविवारी नवा विषय घ्यायचा नाही. तिसरा आठवडा केवळ उजळणीसाठी राखलेला आहे.

मूळ संचात ३१२ स्लाइड आहेत, परंतु ही संख्या जशीच्या तशी वापरली असती तर वाटणी फसली असती. शीर्षकाच्या, अनुक्रमाच्या आणि मागील तासाचा आढावा घेणाऱ्या स्लाइड मी प्रथम वगळल्या. एकच आकृती टप्प्याटप्प्याने उलगडणाऱ्या स्लाइडची मालिका एकच धरली. शेड्यूलिंगमध्ये राउंड रॉबिनचे एकच उदाहरण कितीतरी स्लाइडवर पसरलेले आहे, म्हणून त्या प्रकरणातून सर्वाधिक, म्हणजे तेरा स्लाइड गळाल्या. अशा रीतीने २५८ उपयुक्त स्लाइड उरल्या.

त्यानंतर प्रत्येक प्रकरणाला काठिण्यांक दिला. एकदा वाचून स्वतःच्या शब्दांत सांगता येते, त्या प्रकरणाला १. समजते, पण हात बसण्यासाठी गणिते सोडवावी लागतात, त्याला १.५, आणि स्लाइड समोर असतानाही तर्काची साखळी सुटते, त्याला २. आपण चौघांनी हे अंक एकमेकांना न दाखवता लिहिले होते; जेथे मतभेद झाला तेथे मी मोठा अंक स्वीकारला, कारण गटातील एकालाही जे अवघड जाते त्यासाठी वेळ राखलेला असणे मला आवश्यक वाटते. उपयुक्त स्लाइड गुणिले काठिण्यांक म्हणजे त्या प्रकरणाचा भार. एकूण भार ४०० भरला, त्यामुळे दर दहा भारांमागे एक तास येतो. तास जवळच्या अर्ध्या तासापर्यंत पूर्ण केले आहेत. त्यात जादा झालेला अर्धा तास ओळखीच्या प्रकरणातून कमी केला, कारण ते सर्वांचे वाचून झालेले आहे.

| प्रकरण | मूळ स्लाइड | उपयुक्त | काठिण्यांक | भार | तास |
|---|---|---|---|---|---|
| ओळख व रचना | २४ | २० | १ | २० | १.५ |
| प्रोसेस व थ्रेड | ४८ | ३६ | १.५ | ५४ | ५.५ |
| सीपीयू शेड्यूलिंग | ४५ | ३२ | १.५ | ४८ | ५ |
| सिंक्रोनायझेशन | ४६ | ४० | २ | ८० | ८ |
| डेडलॉक | २१ | १८ | २ | ३६ | ३.५ |
| मेमरी व्यवस्थापन | ३७ | ३२ | १.५ | ४८ | ५ |
| व्हर्च्युअल मेमरी | ४१ | ३४ | २ | ६८ | ७ |
| फाइल सिस्टीम | ३३ | ३० | १ | ३० | ३ |
| संरक्षण | १७ | १६ | १ | १६ | १.५ |

डेडलॉकच्या ओळीकडे विशेष लक्ष द्यावे. फाइल सिस्टीमच्या स्लाइड त्याहून कितीतरी अधिक आहेत, तरी डेडलॉकला अर्धा तास जास्त मिळाला आहे. बँकर्स अल्गोरिदम अवघ्या काही स्लाइडमध्ये आटोपलेले असले, तरी सुरक्षित क्रम शोधण्याचे कोष्टक प्रत्येकाने स्वतः शेवटपर्यंत भरल्याशिवाय ते पक्के होत नाही.

पहिला आठवडा

सोमवारी दीड तास ओळख व रचना आणि उरलेला दीड तास प्रोसेसच्या अवस्था व पीसीबी. मंगळवारी पूर्ण तीन तास प्रोसेस व थ्रेड. `fork()` तीनदा एकापाठोपाठ लिहिल्यास मूळ प्रोसेस धरून आठ प्रोसेस का होतात, हे आकृती काढून दाखवावे. बुधवारी एक तास थ्रेडचे प्रकार आणि दोन तास सिंक्रोनायझेशनची सुरुवात, म्हणजे रेस कंडिशन आणि क्रिटिकल सेक्शन. संचाच्या क्रमात शेड्यूलिंग आधी येते, परंतु सर्वांत जड प्रकरण सलग आठ तास वाचण्यापेक्षा मधे दिवस सोडून तीन बैठकांत घेतलेले बरे, म्हणून हा क्रम मुद्दाम मोडला आहे.

गुरुवारी तीन तास शेड्यूलिंग. एफसीएफएस, एसजेएफ आणि राउंड रॉबिन यांसाठी तोच एक प्रोसेस-संच घेऊन टर्नअराउंड आणि वेटिंग टाइम काढावा. उदाहरण बदलले की तुलना हातची जाते. शुक्रवारी तीन तास म्युटेक्स व सेमाफोर. शनिवारी प्रथम सेमाफोर वापरून प्रोड्युसर-कन्झ्युमर, रीडर्स-रायटर्स आणि डायनिंग फिलॉसॉफर्स ही तीन उदाहरणे तीन तासांत कागदावर लिहावीत. नंतर दोन तास प्रायॉरिटी आणि मल्टिलेव्हल क्यू.

प्रोड्युसर-कन्झ्युमरमध्ये `wait(mutex)` हे `wait(empty)` च्या आधी लिहिले तर काय होते, हा प्रश्न शनिवारी टाळू नये. बफर भरलेला असेल तर प्रोड्युसर म्युटेक्स धरूनच थांबतो, कन्झ्युमरला आत शिरता येत नाही, आणि दोघेही कायमचे अडकतात. पुढच्या सोमवारचे डेडलॉक येथूनच सुरू होते.

दुसरा आठवडा

सोमवारी दोन तास डेडलॉकच्या चार आवश्यक अटी व ते टाळण्याचे मार्ग, नंतर एक तास सलग मेमरी-वाटप. मंगळवारी तीन तास पेजिंग. ३२ बिटांचा पत्ता आणि ४ केबीचे पेज असल्यास ऑफसेटला १२ बिट जातात आणि पेज-क्रमांकासाठी २० उरतात, हे गणित पेजचे आकार बदलून करावे. बुधवारी एक तास सेगमेंटेशन, दोन तास डिमांड पेजिंग. गुरुवारी दीड तास बँकर्स अल्गोरिदमची गणिते आणि दीड तास फाइलची रचना व डिरेक्टरी.

शुक्रवारी तीन तास पेज बदलण्याच्या पद्धती. १, २, ३, ४, १, २, ५, १, २, ३, ४, ५ हा क्रम फिफोने सोडवावा: तीन फ्रेममध्ये ९ पेज फॉल्ट येतात आणि चार फ्रेममध्ये १०. बेलाडीची विसंगती संचात एका स्लाइडवर आहे, पण ती दोन्ही कोष्टके हाताने भरूनच समजते. शनिवारी दोन तास थ्रॅशिंग व वर्किंग सेट, दीड तास फाइलचे जागावाटप व आयनोड, आणि दीड तास संरक्षण.

रविवार आणि तिसरा आठवडा

दोन्ही रविवारी दोन तास स्लाइड बंद ठेवून लेखी प्रश्न सोडवावेत आणि चुका प्रकरणानुसार नोंदवाव्यात.

तिसऱ्या आठवड्यातही वीस तास आहेत. त्यांतील निम्मे काठिण्यांक २ असलेल्या तीन प्रकरणांना दिले आहेत. सोमवारी तीन तास सिंक्रोनायझेशन. मंगळवारी तीन तास व्हर्च्युअल मेमरी. बुधवारी दोन तास डेडलॉक व एक तास प्रोसेस. गुरुवारी शेड्यूलिंग व मेमरी व्यवस्थापनाला प्रत्येकी दीड तास. शुक्रवारी दीड तास सिंक्रोनायझेशन, अर्धा तास व्हर्च्युअल मेमरी आणि एक तास फाइल सिस्टीम व संरक्षण. शनिवारी तीन तासांची पूर्ण सराव-परीक्षा द्यावी आणि दोन तास एकमेकांच्या उत्तरपत्रिका तपासाव्यात.

दुसऱ्या रविवारच्या नोंदींत एखाद्या हलक्या प्रकरणातच चुका जास्त आढळल्या, तर त्याचा काठिण्यांक अर्ध्याने वाढवून तिसऱ्या आठवड्याची वाटणी पुन्हा करावी. एखादा दिवस बुडाला तर त्याचे तास पुढच्या दिवसावर लादू नयेत. प्रथम त्या आठवड्यातील काठिण्यांक १ असलेल्या प्रकरणाचा वेळ घ्यावा, आणि तोही अपुरा पडल्यास रविवारचा तिसरा तास वापरावा. सिंक्रोनायझेशनच्या आठ तासांना मात्र कोणत्याही कारणाने हात लावू नये.