बारा क्रेनिअल नर्व्हज, आपल्या मराठीत

ज्युनिअर्स, उद्याच्या व्हायवासाठी हे टाकतेय, मोठ्याने म्हणून पाठ करा. मागच्या वर्षी इंग्रजी वाक्य पाठ करून गेले आणि टेबलवर बसल्यावर त्यातला सहावा शब्दच आठवेना, म्हणून नंतर हे बनवलं.

ओ ओ ओ, ट्रक ट्रॅक्टर आले, फाट्यावर वळले, गावाची वाट अडली हो!

ऑल्फॅक्टरी, ऑप्टिक, ऑक्युलोमोटर, ट्रॉक्लिअर, ट्रायजेमिनल, अ‍ॅब्ड्युसेन्स, फेशियल, व्हेस्टिब्युलोकॉक्लिअर, ग्लॉसोफॅरिंजिअल, व्हेगस, अ‍ॅक्सेसरी, हायपोग्लॉसल.

आता गोंधळ होतो दोन 'व' आणि दोन 'अ' मध्ये. 'वळले' म्हणजे आठवी, गर्रकन वळलं की तोल जातो, बॅलन्स आणि ऐकणं तिचंच. 'वाट' म्हणजे व्हेगस, लांबच लांब वाट, मानेतून छातीत आणि तिथून पार पोटापर्यंत. 'आले' सहावी, 'अडली' अकरावी, वाट अडली की माणूस खांदे उडवतो ना, तोच ट्रॅपेझियस, आणि मान वळवणारा स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइडपण तिचाच. ट्रॅक्टर म्हणजे ट्रायजेमिनल, बाराजणींत सगळ्यात जाड, तीन फाटे, चेहऱ्याची संवेदना आणि चावणं.

सेन्सरीला स, मोटरला म, दोन्ही असेल तर द:

सकाळी सगळ्यांना मामीने मस्त दही मग दूध, संध्याकाळी दिली दशमी मऊ मऊ.

बोटांवर मोजा, दशमी बरोब्बर दहाव्या नंबरवर येते, द म्हणजे मिक्स्ड, आणि दशमी पोटात जाते तशी व्हेगसपण.

डोळ्याचे मसल्स: वरचा तिरका चारचा, बाहेरचा सहाचा, उरलेले सगळे तीनचे. सुपीरियर ऑब्लिक, लॅटरल रेक्टस, बाकी ऑक्युलोमोटर. खालचा तिरका तीनचाच हं, इथे हमखास अडकवतात. पापणीचं पण विचारतात, तीन उघडते, सात मिटते, म्हणून तिसरी गेली की पापणी पडते आणि फेशियल गेली की डोळा नीट मिटत नाही.

जिभेवर माझा सगळ्यात जीव आहे, कारण एकाच जिभेत किती जणी राबतात बघा. गरम चहाचा घोट घ्या, पुढच्या दोन तृतीयांश भागात चटका बसला तो पाचवीने कळवला, गोड लागला तो सातवीने, मागच्या एक तृतीयांशात चटका आणि चव दोन्ही नववीकडे, आणि जीभ फिरवली बारावीने. पाच चटका, सात चव, नऊ मागचं सगळं, बारा हलव. फक्त पॅलॅटोग्लॉसस व्हेगसचा, तेवढा अपवाद लक्षात ठेवा. बारावीची लोअर मोटर न्यूरॉन इजा असेल तर बाहेर काढलेली जीभ इजा झालेल्या बाजूलाच वळते, जीभ चोराकडे बोट दाखवते असं म्हणा.

पॅरासिम्पथेटिक चारच, तीन सात नऊ दहा.

आता चहा करा आणि प्रत्येक घोटाला नंबर म्हणा.